पोचपावतीवरची तारीख

करारातलं चौदावं कलम मीच लिहिलं होतं. वकिलांनी भाषा नीट केली, पण मजकूर माझा. आमच्या कंपनीचे अकरा गावांत दूध थंड करायचे कूलर होते आणि त्यांच्या देखभालीचा करार दरवर्षी व्हायचा. कंपनी म्हणजे शेतकऱ्यांचीच, उत्पादक कंपनी. कार्यालय भूमला, तीन खोल्यांचं. मी तिथला व्यवस्थापक.

कलम असं होतं. बिघाडाची तक्रार दिल्यापासून चोवीस तासांत माणूस पोचला पाहिजे. ठरलेली सर्व्हिसिंग ठरलेल्या तारखेच्या आत झाली पाहिजे. तीन महिन्यांत तीनदा मुदत चुकली, तर ती वारंवार कसूर. मग कंपनीने लेखी नोटीस द्यायची, कुठल्या कलमाखाली आणि कशाबद्दल ते त्यात लिहायचं, आणि चूक सुधारायला पंधरा दिवस द्यायचे. तेवढ्यात सुधारणा झाली नाही तर दुसऱ्या नोटिशीने करार रद्द. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे याबद्दल आधीच्या एका ठेकेदाराशी वाद झाला होता, म्हणून मी एक वाक्य मुद्दाम घातलं: नोटीस रजिस्टर टपालाने पाठवावी व पोचपावतीवर सहीसोबत असलेली तारीख हीच मिळाल्याची तारीख धरावी.

हे वाक्य मला अजून पाठ आहे.

ज्याच्याशी करार होता तो माझा आयटीआयचा सोबती. फ्रिज-एसीच्या ट्रेडला आम्ही दोघं एका बाकावर होतो, होस्टेलला एका खोलीत. त्याच्या हातात कला होती, माझ्या नव्हती. म्हणून तो मशिनीकडे गेला आणि मी कागदाकडे. कंपनीत त्याला मी आणलं. चार चांगली दरपत्रकं आली होती, त्यात त्याचं सगळ्यांत योग्य होतं, हे खरं. पण त्याचं असावं असं मला वाटत होतं, हेही खरं. कार्यालयात चारचौघांत तो मला साहेब म्हणायचा आणि बाहेर पानटपरीवर आलं की, "काय रे, लई साहेबगिरी करायलास," म्हणून पाठीत गुद्दा घालायचा.

दोन वर्षं काम चोख झालं. तिसऱ्या वर्षी त्याच्या वडिलांना पक्षाघात झाला. त्यांना घेऊन तो सोलापूरला दवाखान्यात राहायला लागला. कामाला दोन माणसं होती, पण कॉम्प्रेसरला हात लावायचा तर तोच लागायचा. फेब्रुवारीत एका गावी माणूस तीस तासांनी पोचला. मार्चमध्ये दुसऱ्या गावी दोन दिवसांनी. चार गावांच्या कूलरची सर्व्हिसिंग मार्चअखेर व्हायची होती, ती झालीच नाही. अशा तीन मुदती चुकल्या. मी फोनवर सांगायचो, तो म्हणायचा, "उद्या येतो रे, बापाला घरी सोडतो अन् येतो." मी कागदावर काहीच घेतलं नाही. आपला माणूस आहे, सांभाळून घेऊ.

मार्चमधल्या त्या बिघाडात एका गावचं अख्ख्या रात्रीचं दूध फाटलं. इतकं फाटलं की खव्याच्या भट्टीवाल्यानंही घेतलं नाही. त्या गावच्या बचत गटाच्या एक बाई आमच्या संचालक होत्या. वय साठीचं, बोलणं चाबकासारखं.

मार्च सरल्यावर काही दिवसांतच त्याचे वडील गेले. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो. ईट गावाच्या पुढं आत वळल्यावर सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव. राख सावडून माणसं ओसरीवर बसली होती. तो माझ्याशेजारी येऊन बसला.  निघताना मी म्हणालो, "काही लागलं तर सांग." तो म्हणाला, "चार गावचं राह्यलंय माझ्या ध्यानात हाय. तेरावं झालं की पयलं तेच." मी मान हलवली.

पाचव्या दिवशी संचालकांची बैठक होती. विषयपत्रिकेत दुसरंच काही होतं. पण त्या बाईंनी आल्या आल्या तोंड उघडलं.

"साहेब, फाटल्यालं दूध काय म्हशीला परत पाजायचं व्हय? सांगा, तसं करतो."

मी म्हणालो, "मावशी, त्यांच्या घरी दुखवटा आहे."

"दुखवटा आता झाला की. दूध त्याच्या आधी फाटलं."

चेअरमन निवृत्त शिक्षक होते. ते कधी आवाज चढवत नसत. टेबलावरच्या कराराची पानं उलटत ते म्हणाले, "चौदा कलम कुणासाठी लिहिलंय मग? तुमचा होस्टेलचा दोस्त हाय म्हणून दबकताय का?"

दोन जण हसले. मीही हसल्यासारखं केलं.  पंचवीस वर्षांत माझ्यावर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं. त्या मिनिटाला मी ठरवलं की आता हे प्रकरण असं चालवायचं की कुणाला बोलायला जागा राहू नये. मी त्याला न्यायाने वागवायचं ठरवलं असं नाही. मी स्वतःला स्वच्छ ठेवायचं ठरवलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे तेव्हा कळलं नाही असं म्हणणं सोयीचं होईल. कळलं होतं.

त्याच दुपारी नोटीस तयार केली. कलम चौदा, तीन कसुरी तारखांसह, आणि सुधारणा म्हणून तीन गोष्टी: चारही कूलरची सर्व्हिसिंग पुरी करावी, त्यांचे अहवाल द्यावेत, आणि पुढे बिघाड आल्यास जाणारा कॉम्प्रेसरचा जाणकार माणूस कोण ते लेखी कळवावं. मुदत पंधरा दिवस. नोटिशीत चूक नव्हती. ती रजिस्टर टपालाने गेली. फोन करून, असं पत्र येतंय, एवढं त्याला सांगणं मला जमलं असतं. दुखवट्यात कसं सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं.

नोटीस त्याच्या गावी पोचली तो दुखवट्याचा सातवा दिवस. संगणकावर टपालाचा माग पाहिला तर शेरा होता: घर बंद, सूचना दिली.

आमच्याकडच्या कुणालाही तो शेरा वाचून हसू आलं असतं. तेराव्याच्या आधी घर बंद? त्या घरात त्या दिवसांत पन्नास माणसं जेवत असतात. मला लगेच उमगलं. खेड्यातला पोस्टमन दुखवट्याच्या घरी रजिस्टरचं पत्र देत नाही. रजिस्टर आलं म्हणजे बँक नाहीतर कोर्ट, हे त्याला ठाऊक असतं. ज्या ओसरीवर माणसं दुखवट्याला टेकायला आलीत तिथं उभं राहून, इथं सही करा, म्हणायला त्याची जीभ उचलत नाही. असं पत्र सात दिवस पोस्टात ठेवता येतं. तो 'घर बंद' लिहितो आणि तेरावं होऊ देतो. नियमात हे बसत नाही. पण त्या पट्ट्यात यात कुणाला काही वावगं वाटत नाही, माझ्या आजोबांच्या वेळीही कुणी असंच केलं होतं.

चौदाव्या दिवशी सकाळी पत्र त्याच्या हातात पडलं. त्याने सही केली आणि खाली तारीख घातली. तीन दिवसांनी ती पोचपावती, ते लालसर कार्ड, माझ्या टेबलावर आलं. तारीख स्पष्ट होती. त्याचं अक्षर मी ओळखतो. म्हणजे त्याचे पंधरा दिवस चौदाव्या दिवसापासून, संपणार एकोणतिसाव्याला. मी मात्र माग पाहिला तेव्हाच चेअरमनना 'घर बंद'च्या शेऱ्याचा दिवस सांगून बसलो होतो. त्या हिशेबाने मुदत बाविसाव्या दिवशी संपत होती आणि त्यांनी तो दिवस आपल्या डायरीत लिहून घेतला होता.

कार्ड घेऊन मी आतल्या खोलीत चेअरमनकडे जायला हवं होतं. चार पावलं. म्हणायचं, "सर, तारीख बदलली, सात दिवस आणखी द्यावे लागतील." ते म्हणाले असते, "दबकताय." एवढंच झालं असतं. मी कार्ड टेबलाच्या खणात ठेवलं.

तेविसाव्या दिवशी धाराशिवच्या वकिलांना फोन केला. दुसरी नोटीस काढण्याआधी त्यांना विचारायची पद्धत होती. ते घाईत होते.

"पोचपावती आली का?"

"आली."

"तारीख?"

मी शेऱ्याची तारीख सांगितली.

"मग पंधरा दिवस झाले. काढा."

या लेखात जे काही सांगायचं आहे ते एवढंच. मी विचार करून, आवाज हलू न देता, चुकीची तारीख सांगितली.

करार रद्द केल्याची नोटीस शिपायाच्या हाती त्याच्या घरी पाठवली आणि प्रत टपालाने. इतक्या दिवसांत त्याने चारपैकी तीन गावांची सर्व्हिसिंग पुरी केली होती. अहवालही आले होते. बार्शीचा एक जाणकार मेकॅनिक बिघाडाला जाईल असं लेखी दिलं होतं. चौथ्या गावच्या कूलरला कंडेन्सरचा पंखा लागत होता, तो पुण्याहून येणार होता. आला पंचविसाव्या दिवशी. पंखा घेऊन तो त्या गावी गेला, तर संकलन केंद्राच्या सचिवाने कुलूप उघडलं नाही. "साहेबांचा निरोप हाय, तुमास्नी हात लावू द्यायचा न्हाय." तो पंखा तिथंच ओट्यावर ठेवून निघून गेला. नव्या ठेकेदाराने तोच पंखा बसवला.

दोन दिवसांनी तो चाव्या आणि सुटे भाग जमा करायला आला. डोक्याचे केस नुकते कुठं उगवत होते. मी यादी वाचत गेलो, तो एकेक वस्तू मांडत गेला. शेवटी सही करताना तो म्हणाला, "पंधरा दिवस झाले म्हणायचे का?" मी यादीकडे बघत म्हणालो, "कागदावर झाले."  वाटलं, आता बोलेल. त्याच्याकडे पत्राचा लिफाफा होता, पोस्टाचा शिक्का होता. वकील लावला असता तर आमची नोटीस एका सुनावणीत पडली असती. तो म्हणाला, "बरं," आणि गेला. आमच्यातलं बोलणं तिथं संपलं.

मी त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला हवा तसा लावला. चूक त्याची होतीच, तीनदा मुदत चुकली होतीच, म्हणून तो बोलला नाही. पाच वर्षं मी हा अर्थ वापरला. ते कार्ड फाडलं मात्र नाही. फाइलला लावलं नाही आणि फाडलंही नाही. खण बदलला, टेबल बदललं, कार्ड सोबत आलं.

गेल्या वर्षी सोलापूरकडच्या एका दूध संघाचं पत्र आलं. त्यांच्याकडे कूलरच्या देखभालीसाठी अर्ज मागवले होते. अर्जात एक रकाना होता: यापूर्वी आपला करार कसुरीमुळे रद्द झाला आहे काय? माझ्या सोबत्याने तिथं 'होय' लिहून आमच्या कंपनीचं नाव दिलं होतं. संघ विचारत होता की हे खरं काय आणि कारण काय. आठ दिवसांत कळवावं. अट त्यांनीच पत्रात दिली होती, कसुरीमुळे करार रद्द झालेल्याला काम देता येणार नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, पाच वर्षांत त्याला कुठल्याही संस्थेचं काम मिळालेलं नव्हतं. जिथं जिथं तो रकाना असायचा तिथं तो 'होय' लिहायचा. खोटं लिहिलं असतं तर कुणी पाहिलंही नसतं.

मी संचालक मंडळाला अर्ज लिहिला. दोन पानी. पोचपावतीची खरी तारीख, मी ती लपवली, मुदत पुरी होण्याआधी करार रद्द झाला, म्हणून ती नोटीस मागे घ्यावी. सगळं नीट समजावं म्हणून पोस्टमनने दुखवट्यामुळे पत्र कसं राखून ठेवलं आणि 'घर बंद' असा शेरा कसा मारला, तेही तपशीलवार लिहिलं. अर्ज देण्याआधी त्याला दाखवावा असं वाटलं. तो नळदुर्गला हायवेच्या ढाब्यांचे फ्रीज दुरुस्त करतो असं कळलं होतं, म्हणून रविवारी गेलो.

तिसऱ्या ढाब्यावर सापडला. डीप फ्रीजरच्या मागं भिंतीला चिकटून बसला होता, तोंडात टॉर्च. मला बघून टॉर्च काढली.

"तू व्हय. बस. हे गॅस भरून होऊ दे."

अर्धा तास मी चहा पीत बसलो. मग तो हात पुसत समोर आला. मी प्रस्तावना पाठ करून आलो होतो, ती विसरलो आणि नुसतं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने ते उचलून पाहिलं.

"माझीच सही."

"तारीख बघ."

"बघायची कशाला? म्याच टाकली ती." कार्ड त्याने परत ठेवलं. "मला त्या दिशीच कळलं होतं, तू सात दिस आधीपास्नं मोजलेस म्हणून. यादी वाचत होतास तवा तुझी मान वर येत नव्हती."

"मग बोलला का नाहीस? कोर्टात गेला असतास तर—"

"कोर्टात गेलो असतो तर पयला प्रश्न काय आला असता? घर बंद कसं व्हतं? मग माझ्या ओसरीवर बसलेले पन्नास साक्षीदार. अन् पोस्टमन आप्पाची नोकरी." तो चहाकडे वळला. "माझ्या बापाच्या दिसांत त्यानं माझ्या दारात कागद आणला न्हाय. त्याचीच भाकरी काढून घ्यायची व्हय म्या?"

 मी अर्ज पुढे केला. चष्मा लावून तो सावकाश वाचू लागला. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर थांबला.

"हे आप्पाचं काढ."

"त्याशिवाय सात दिवसांचा खुलासा होत नाही."

"खुलासा कुणाला पायजे? तारीख काय ती कार्डावर हाय. ती तू दडवलीस. झालं की. पत्र पोस्टात सात दिस का पडलं ते इचारायला कोण बसलंय? आप्पाचे आणखी सहा महिने राह्यलेत रिटायर व्हायला."

मग म्हणाला, "अन् माझ्या तीन मुदती चुकल्या ते लिहिलंस का त्या संघाला?"

"अजून नाही लिहिलं."

"ते लिही. ते खरं हाय."

त्याच टेबलावर मी अर्ज पुन्हा लिहिला. ढाब्याच्या मालकाने बिलबुकाच्या मागचे कोरे कागद दिले. पोस्टमन गेला, दुखवटा गेला, ओसरी गेली. उरलं ते एका पानात मावलं, आणि त्या पानात दोषी फक्त एकच माणूस उरला. आधीच्या दोन पानांत मी किती जणांच्या आडून उभा होतो ते तेव्हा दिसलं. मी निघालो तेव्हा तो परत फ्रीजरच्या मागं गेला होता. माफी मागायची राहिली. ती मागायला गेलो होतो, पण कुठल्याही वाक्यानंतर ती बसेना.

बुधवारी संचालकांची बैठक झाली. चेअरमन तेच, आता थकलेले. अर्ज वाचून झाल्यावर बचत गटाच्या बाईंनी विचारलं, "म्हंजे तवा तो माणूस खोटा नव्हता?"

"उशीर झाला होता मावशी. पण सुधारायची मुदत त्याला पुरी दिली नाही. ती मी कापली."

"मंग आमाला तवाच सांगायचं. आमी काय खाल्लं असतं तुमास्नी?"

 खाल्लं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

करार रद्द केल्याची नोटीस मागे घ्यावी, करार त्या वर्षअखेर मुदत संपल्याने संपला असं समजावं आणि संघाला तसं कळवावं, तीन उशिरांसह, असं ठरलं. मला लेखी समज द्यायचंही ठरलं. मग चेअरमननी कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "पण टपाल सात दिवस कुठं होतं हो?"

"ते मला सांगता येणार नाही, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं गाव त्याच पट्ट्यातलं. पुढे काही विचारलं नाही.

ठराव लिहायचं काम माझंच. मी वहीत मजकूर उतरवत होतो. कारणाच्या जागी आलो तसा माझा पेन थांबला. चेअरमन वाकून म्हणाले, "टपालातला विलंब, असं लिहा. तुमचं बी भागंल."

मी लिहिलं: व्यवस्थापकाने नोटीस मिळाल्याची तारीख जाणूनबुजून चुकीची सांगितल्यामुळे. वाक्याखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, आणि सगळ्यांत शेवटी माझी.

संघाने त्याला सहा महिने काम पाहण्याच्या अटीवर चार गावं दिली, असं टँकरच्या ड्रायव्हरकडून कळलं. पोस्टमन आता निवृत्त झाले आहेत, म्हणून हे लिहिलं.